नोडमधून ऊर्जा पलीकडे का जात नाही?

"स्थायी तरंगात ऊर्जा असते, मग ती नोड ओलांडून पुढे का जात नाही? (बारावी, नागपूर)"

पुढच्या भागाला ऊर्जा द्यायची तर बल लावून तो हलवावा लागतो. नोडवर, म्हणजे दोरीच्या न हलणाऱ्या बिंदूवर, ओढ असते, पण वेग कायम शून्य, म्हणून शक्तीही शून्य. पुढे जाणाऱ्या तरंगात दोरीचा उतार आणि वेग एकाच वेळी कमाल होतात, त्यामुळे ऊर्जा वाहत राहते. स्थायी तरंगात ती झुलते: दोरी सरळ असताना सगळी गतिज, सर्वाधिक हलणाऱ्या बिंदूभोवती म्हणजे अँटिनोडभोवती, पूर्ण ताणली की सगळी स्थितिज, नोडभोवती.

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मेल्डेच्या प्रयोगात, म्हणजे कंप पावणाऱ्या ट्यूनिंग फोर्कला दोरी बांधून स्थायी तरंग तयार करताना, फोर्कजवळचा नोड नीट पाहिला, तर किंचित थरथरताना दिसला. पलीकडच्या लूपची हवेत जाणारी ऊर्जा त्याच थरथरीतून भरून निघते.