गृहीतक, अनुमान आणि ‘सगळे भरणार नाहीत’

प्रश्न: मुलगी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय, शिक्षण सगळं हिंदी माध्यमात. तिच्या पुस्तकात असतं, ‘कथन में कौन-सी पूर्वधारणा निहित है?’ मराठीत समजावताना मी ‘अनुमान’ म्हटलं, सासूबाई म्हणाल्या ‘गृहीत’, आणि तिघींची उत्तरं तीन आली. नेमका शब्द कोणता, आणि ते ओळखायचं कसं? (सुदामा नगर, इंदूर)

सासूबाईंचा शब्द घ्या. बोलताना ‘गृहीत’, लिहिताना ‘गृहीतक’.

‘अनुमान’ हा शब्द आपल्या इंदुरी घरांत दोन तोंडांनी बोलतो. भाजीवाल्याशी हिंदीत बोलताना ‘अनुमान से दे दो’ म्हणजे अंदाजाने, मराठी पुस्तकात अनुमान म्हणजे दिसलेल्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष. धूर दिसला, आग असणार, हे अनुमान. त्यात आपण विधानाच्या पुढे जातो. गृहीतक मात्र विधानाच्या मागे असतं. बोलणारा तोंड उघडण्याआधीच ते धरून बसलेला असतो, फक्त सांगत नाही. त्यातून तुमच्या मुलीच्या पुस्तकात ‘अनुमान’ नावाचं वेगळं प्रकरण असणार, म्हणजे गोंधळ पक्का.

‘पूर्वधारणा’ जसाच्या तसा मराठीत आणायला माझी ना आहे. आपल्याकडे धारणा म्हणजे मत, समजूत, आणि ‘पूर्व’ लावलं की त्याला पूर्वग्रहाचा वास येतो. गृहीत म्हणजे घेतलेलं, धरलेलं. ‘मला गृहीत धरू नका’ ही तक्रार आणि परीक्षेतलं गृहीतक ही सख्खी भावंडं आहेत, कारण दोन्हीकडे न विचारता काहीतरी धरलेलं असतं. मुलीला नववीची भूमिती आठवत असेल तर युक्लिडच्या धड्यातला ‘अभिगृहीत’ दाखवा, धातू तोच. फरक एवढाच की भूमितीत ही मंडळी धड्याच्या सुरुवातीलाच मांडून ठेवतात आणि इथे ती दडलेली असतात. त्या दडलेपणाला, म्हणजे हिंदीतल्या ‘निहित’ला, आपल्याकडे व्याकरणातला सुरेख शब्द आहे, अध्याहृत. ‘निघालो’ म्हटलं की ‘मी’ अध्याहृत. ‘गर्भित’ही चाललं असतं, पण त्याच्यामागे लगेच ‘इशारा’ उभा राहतो.

संस्कृतवाले कोणी घरी असतील तर ‘अर्थापत्ती’ सुचवतील. मीमांसकांचं ते प्रसिद्ध उदाहरण: देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असणार. शब्द मोहात पाडणारा आहे, पण इथे चुकीचा. रात्रीचं जेवण हे ऐकणाऱ्याने लावलेलं कोडं आहे. सांगणाऱ्याला ती दोन वाक्यं बोलायला ते आधी धरण्याची काहीच गरज नव्हती.

आता ओळखायचं कसं. या प्रश्नांची जुनी कसोटी आहे ती नकाराची. पर्याय घ्यायचा, उलटा करायचा आणि विधानाशेजारी ठेवायचा. मग विचारायचं, हे खरं असतं तर बोलणारा तसं बोलला असता का? बोलणंच निरर्थक झालं तर तो पर्याय गृहीतक. बोलणं तसंच टिकलं तर नाही. ऐकायला सोपं आहे, पण पोरं चुकतात ती बहुतेक वेळा ‘उलटा करायचा’ या पायरीवर. तिथे अडचण तर्काची कमी आणि मराठीची जास्त.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. तोही याच तयारीत, भंवरकुआच्या एका क्लासला जायचा. एका रविवारी आमच्या इमारतीच्या जिन्यात सूचना चिकटवलेली होती: ‘नर्मदा लाइनच्या दुरुस्तीमुळे उद्या नळाला पाणी येणार नाही. रहिवाशांनी आज संध्याकाळी पाणी भरून ठेवावे.’ जलूदहून येणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात असले कागद नवे नाहीत. म्हटलं, चल, यावरच प्रश्न करू.

पहिला पर्याय मी दिला, ‘आज संध्याकाळी पाणी येईल.’ त्याने उलटा केला, आज संध्याकाळी पाणी येणार नाही. मग भरणार काय? सूचना कोसळली, तेव्हा हे गृहीतक. दुसरा, ‘रहिवाशांकडे पाणी साठवायची काही सोय आहे.’ उलटा: कोणाकडेच टाकी नाही, पिंप नाही, घागर नाही. पुन्हा कोसळली. सोय आहे हे सूचनेत कुठे लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच ते गृहीतक. लिहिलेलं असतं तर ते विधानच झालं असतं.

तिसरा, ‘सगळे रहिवासी पाणी भरून ठेवतील.’ त्याने वहीत लिहिलं, ‘सगळे रहिवासी पाणी भरून ठेवणार नाहीत’. वाचलं, म्हणाला, ‘मामा, कोणीच भरणार नसेल तर सूचना लावायचीच कशाला? हेही गृहीतक.’ आणि टिकमार्क केला.

इथे थांबा. ‘सगळे भरणार नाहीत’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, एकही जण भरणार नाही. दुसरा, भरतील, पण सगळेच्या सगळे नाहीत. लग्नघरी आचाऱ्याला जाऊन नुसतं ‘सगळे जेवायला थांबणार नाहीत’ म्हणून बघा. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील, भात निम्मा करायचा की चूलच पेटवायची नाही. बोलताना आपण ‘सगळे’वर जोर देऊन किंवा ‘सगळेच काही थांबणार नाहीत’ म्हणून निभावतो. वहीत जोर उमटत नाही.

‘सगळे भरतील’ हे खोटं पडायला एकच शेजारी पुरतो. तिसऱ्या मजल्यावरचे दोन विद्यार्थी झोपून राहिले की ते खोटं झालं. म्हणून नकार शब्दाला न लावता पूर्ण वाक्याला लावायचा. मराठीत त्यासाठी तयार जागा आहे, वाक्य आहे तसं ठेवायचं आणि शेवटी ‘असं नाही’ जोडायचं. ‘सगळे रहिवासी पाणी भरून ठेवतील असं नाही.’ आता ठेवा हे सूचनेशेजारी. ती विद्यार्थ्यांची खोली सोडली तरी बाकीच्यांसाठी सूचना पूर्ण कामाची आहे. टिकली. तेव्हा तिसरा पर्याय गृहीतक नाही.

मग मी तोच पर्याय सौम्य केला, ‘काही रहिवासी तरी सूचनेप्रमाणे पाणी भरतील.’ त्याला ‘असं नाही’ लावा. काही तरी भरतील असं नाही, म्हणजे एकही भरणार नाही. आता मात्र कागद चिकटवण्यात अर्थ उरत नाही. हे गृहीतक. दोन पर्यायांत फरक फक्त ‘सगळे’ आणि ‘काही तरी’चा, आणि उत्तरं उलटी. ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘फक्त’ असे शब्द दिसले की पर्याय बाद करा, असं क्लासमध्ये घोकून घेतात, त्याच्यामागे कारण हे आहे. पर्याय जितका मोठा दावा करतो तितकं त्याला खोटं पाडणं सोपं, आणि खोटा पडूनही विधानाला धक्का बसत नाही. पण नुसतं घोकू नये. विधानातच ‘फक्त’ असेल तर पर्यायातला ‘फक्त’ बरोबर असू शकतो.

आपला ‘च’ याच कुळातला. ‘पाणी भरून ठेवणं हाच उपाय आहे’ असा पर्याय दिला तर भाचा पटकन हो म्हणाला. ‘असं नाही’ लावल्यावर त्याच्याच तोंडून आलं, टँकरही येऊ शकतो. टँकर आला तरी आदल्या संध्याकाळी पाणी भरायला सांगण्यात काही गैर नाही. बाद. एका अक्षराने पर्याय इतका फुगतो. पेपर हिंदीत असला तर त्या ‘च’च्या जागी ‘ही’ असतो, आणि वाचण्याच्या घाईत तो डोळ्यांतून निसटतो.

दुसरी एक चूक तुमच्या तिघींपैकी कोणाचीतरी झाली असणार, कारण घरात ती हटकून होते. गृहीतक खरं आहे का, याचा विचार करायचा नसतो. समजा पाटी आहे, ‘आमचे पोहे कमी तेलाचे, एकदा खाऊन बघा.’ गृहीत काय? काही गिऱ्हाइकांना तरी कमी तेल आवडतं. वरून शेव आणि सोबत जलेबी घेणाऱ्या आपल्या गावात हे कितपत खरं, हा प्रश्न सराफ्यात रात्री विचारा, पेपरात नको. पाटी लावणाऱ्याने ते धरलं आहे, संपलं. वयाने मोठी माणसं इथे जास्त चुकतात, त्यांना जगाचा अनुभव असतो ना!

सगळीच गृहीतकं हेतूतून शोधावी लागत नाहीत, काही शब्दांतच बसलेली असतात. ‘रविवारीसुद्धा क्लास असतो’ यात ‘सुद्धा’ने धरलं आहे की इतर वारी असतोच आणि रविवारी असणं ही नेहमीची गोष्ट नव्हे. त्याचा प्रश्न करा, ‘रविवारीसुद्धा क्लास असतो का?’ क्लासचं विधान गेलं, पण ‘सुद्धा’ने धरलेलं जागेवर आहे. ‘अजून’, ‘परत’, ‘सोडलं’ हेही असेच. ‘त्याने सिगरेट सोडली’ म्हटलं की तो आधी ओढत होता हे आलंच. असे शब्द पेपरात दिसले की नकाराची कसोटी लावायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. आवाहनांवरच्या प्रश्नांत छापील उत्तरं नेहमी जुळत नाहीत. ‘लोक ऐकतील’ एवढाच पर्याय असला, ‘सगळे’ही नाही आणि ‘काही’ही नाही, तर कोणी हो म्हणतं, कोणी नाही, कारण त्या ‘लोक’ला मोजमाप नाही. माझं मत, असा पर्याय ‘निदान काही लोक’ असा वाचावा आणि हो म्हणावं. ज्या परीक्षेची तयारी चालू आहे तिचे जुने पेपर काढून त्यांची पद्धत बघून घ्या.

मुलीला प्रश्न मराठीत सांगायचा झाला तर मी असा सांगेन: ‘हे बोलणाऱ्याने न सांगता काय धरलं आहे?’ आणि तिसऱ्या पर्यायासारखं काही आलं की आधी ‘असं नाही’ लावून मोठ्याने वाचायला लावा, सासूबाईंसमोर.