उत्तर टाकण्याआधी मूळ फ्रेम काढून ठेव

प्रिय,

तुझा मेसेज सकाळी वाचला. पाण्यावरून झेपावणाऱ्या बगळ्याचा तुझा फोटो कुणीतरी ‘आज पहाटे टिपलेला क्षण’ असं लिहून स्वतःच्या नावावर टाकलाय. तू लिहिलेलं उत्तरही पाहिलं. त्यात ‘चोर’ हा शब्द तीनदा आलाय. ते अजून टाकू नकोस.

आधी त्या पोस्टचा स्क्रीनशॉट घे. त्यात त्यांचं नाव, तारीख आणि ‘मी टिपलेला’ हा दावा, तिन्ही दिसायला हवं. दुवाही वेगळा लिहून ठेव. जाब विचारल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा पोस्ट उडवतात किंवा मजकूर बदलतात, आणि मग खोटा आरोप केल्याचा ठपका तुझ्यावरच येतो.

मग पुरावा. तुझ्या मसुद्यात तू एक्झिफचा, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या तारीख-वेळेच्या नोंदीचा हवाला दिलायस. तेवढ्यावर विसंबू नकोस. ती नोंद कुणालाही बदलता येते, आणि तुझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असेल तर लोक त्याच एका चुकीवर बोट ठेवतील. त्यापेक्षा भक्कम पुरावा तुझ्याकडे आहे. त्यांनी टाकलेला फोटो डावीकडून कापलेला आहे. तुझ्या मूळ फ्रेममध्ये त्या बाजूला पाण्यातून वर आलेली वाळकी फांदी आहे, त्यांच्या फोटोत नाही. कापलेला भाग फक्त मूळ फोटो असणाऱ्याकडेच असतो. शिवाय तू सलग फोटो घेतले होतेस. बगळ्याचे पंख मिटलेले आहेत ती आधीची फ्रेम आणि पाय पाण्याबाहेर आलेत ती नंतरची, या दोन्ही दुसऱ्या कुणाकडे कशा असतील? हे तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेव, पण लहान आकारात. रॉ फाइल किंवा पूर्ण आकाराची प्रत चारचौघांत देऊ नकोस, नाहीतर चांगली प्रत आपल्याच हाताने वाटल्यासारखं होईल.

आता शब्दांकडे ये. कित्येक वर्षांपूर्वी माझ्या एका फोटोसाठी मी एका माणसाला जाहीरपणे चोर म्हटलं होतं. नंतर कळलं की त्याला तो फोटो तिसऱ्याच कुणीतरी ‘माझाच आहे, वापर’ म्हणून दिला होता. फोटो माझाच होता, तरी माफी मला मागावी लागली, आणि फोटोचा मुद्दा बाजूलाच राहिला. ती रुखरुख अजून आहे. समोरच्याच्या मनात काय होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. फोटो कुणाचा आहे, हे मात्र ठाऊक असतं. तेवढंच लिही:

‘हा फोटो मी काढलेला आहे. मूळ न कापलेली फ्रेम आणि तिच्या आधीची व नंतरची फ्रेम सोबत जोडली आहे. डावीकडची फांदी तुमच्या प्रतीत कापली गेली आहे. कृपया उद्या संध्याकाळपर्यंत पोस्टमध्ये माझं नाव घाला किंवा फोटो काढून टाका. तो तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून मिळाला असेल तर तेही सांगा.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. ते समोरच्याला मान राखून मागे यायला वाट देतं, आणि खरोखर तिसरा माणूस असेल तर तोही कळतो. मागणी एकच ठेव, मुदतीसह. माफी, पैसे, नाव असं सगळं एकदम मागितलंस तर ज्या मागणीवर वाद घालणं सगळ्यात सोपं, तिच्यावरच ते अडून बसतील. मित्रांना तिथे शिव्या द्यायला बोलावू नकोस. बाकीच्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना नवे आरोप न करता त्या तीन फोटोंकडेच बोट दाखव. मुदत टळली तर त्या ठिकाणच्या तक्रारीच्या सोयीतून हेच पुरावे पाठव.

तू ‘माझी कल्पनाही उचलली’ असंही लिहिलंयस. ते वाक्य काढून टाक. फोटो आणि कल्पना यांत मोठा फरक आहे. कॉपीराइटविषयीच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात 1928 साली लेखकाचा, म्हणजे कर्त्याचा, आपलं कर्तेपण सांगण्याचा हक्क घातला गेला. पण बौद्धिक संपदेविषयीच्या 1994 च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट लिहिलं आहे की कॉपीराइटचं संरक्षण अभिव्यक्तीला असतं, कल्पनेला नाही. पहाटेच्या धुक्यात पाठीमागून उजेड घेऊन बगळा टिपणं दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे सुचू शकतं. कल्पनेबद्दल कधी बोलायचंच झालं, तर ‘मी हे अमुक तारखेला मांडलं होतं, दुवा हा’ एवढंच म्हण. उचलेगिरीचा शब्द तिथे टिकत नाही, आणि बगळ्याच्या फोटोचा बळकट दावाही त्याच्यापायी कमजोर होतो.

ती डावीकडच्या फांदीची फ्रेम सापडली की मला पाठव. त्यांच्या कापलेल्या प्रतीशी ती मी स्वतः लावून बघेन, मगच उत्तर टाक.