‘आतून येते ती आंतरिक’ लिहिलं की पेपर परत येतो

प्रश्न: नागपूरहून विचारतेय. बी.ए. मानसशास्त्राला आंतरिक आणि बाह्य प्रेरणेवर दीड हजार शब्दांचा पेपर द्यायचा आहे. उदाहरणं वर्गातल्या बक्षिसांची आणि कौतुकाची हवीत. मी ‘आतून येते ती आंतरिक, बाहेरून मिळते ती बाह्य’ असं लिहून वहीतल्या स्टारचं उदाहरण दिलं होतं. ‘संकल्पना स्पष्ट नाही’ एवढा शेरा मारून परत आला. काय चुकलं, कोणी ताई-दादा सांगतील का?

उत्तर:

वयानं लहान असशील असं धरून ‘तू’ म्हणते. हा शेरा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझाही पेपर अगदी याच वाक्यावर परत आला होता, आणि नेमकं काय चुकलं हे त्या विभागात एकानंही सांगितलं नाही. तेव्हाचा राग अजून आहे, पण तो इथे काढत बसत नाही. मास्लो, प्रबलन वगैरे तुला येतच असेल, ते सोडून देते.

घोळ ‘आतून’ या शब्दानं होतो. मराठीत आपण ‘आंतरिक’ म्हटलं की मनाच्या आतलं असा अर्थ लागतो, आणि गाईडवाले तोच अर्थ छापत आलेत. पण प्रेरणा कुठे बसली आहे हा प्रश्नच नसतो. माणूस ते काम कशासाठी करतोय हा प्रश्न असतो. काम करण्यातच गोडी आहे म्हणून केलं तर प्रेरणा आंतरिक. कामापासून वेगळं काढता येईल असं काहीतरी मिळावं किंवा टळावं म्हणून केलं तर बाह्य, मग ते ‘काहीतरी’ बाईंच्या हातात असो नाहीतर मुलाच्या डोक्यात.

आपल्याकडचंच उदाहरण घे. तान्हा पोळा जवळ आलाय आणि तिसरीच्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला मुलं लाकडी नंदी सजवतायत. एक पोरगी झुलीवर ठिपके काढण्यात इतकी गुंगली आहे की घंटा झालेली तिला कळली नाही. तिच्या शेजारचा सजावट स्पर्धेच्या पहिल्या नंबरासाठी रंगवतोय. या दोघांना कुठे बसवायचं ते कोणालाही कळतं. आता तिसरी मुलगी बघ. तिला स्पर्धेत भाग घ्यायचा नाही, घरोघरी मिळणाऱ्या बोजाऱ्याचंही तिच्या मनात नाही. तिला फक्त एवढीच धाकधूक आहे की आपला नंदी साधा राहिला तर आपण कशाच कामाच्या नाही असं होईल. बाहेरून कोणी काही देत नाही, कोणी रागावतही नाही, सगळं तिच्या मनातच चाललंय. तुझ्या व्याख्येनं ही आंतरिक प्रेरणा ठरते. खरं तर ती बाह्य आहे, कारण रंगवण्याची गोडी इथे नाहीच, लाज टाळायची आहे. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत याला इंट्रोजेक्शन म्हणतात: बाहेरचा धाक गिळून आत ठेवलेला. तुझ्या पेपरात ही तिसरी मुलगी असली पाहिजे. ती नसली तर तपासणाऱ्याला वाटणारच की शब्दाचा अर्थ पाठ आहे, संकल्पना नाही.

जमलं तर चौथाही घे. त्याला रंगकाम फारसं आवडत नाही, पण ब्रशवर हात बसला तर पुढे पाट्या रंगवता येतील हे त्याला पटलंय. हीही बाह्यच, पण स्वतः मान्य केलेली, म्हणून ती धाकापेक्षा जास्त टिकते. म्हणजे बाह्य प्रेरणेतच पायऱ्या आहेत. ‘बाह्य म्हणजे वाईट’ असं कुठे लिहिलं असशील तर आधी ते खोड.

आता स्टार. ‘बक्षिसानं आंतरिक प्रेरणा कमी होते’ हे वाक्य जसंच्या तसं लिहू नकोस, ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या 1973 च्या प्रयोगात मिळतं. पेपरात एकच प्रयोग नीट मांडायचा असेल तर हाच मांड, पाच प्रयोगांची नुसती नावं टाकण्यापेक्षा बरं. स्टॅनफर्डच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची 51 मुलं होती. ती आधी निरीक्षण करून निवडली होती: मोकळ्या वेळात रंगीत स्केचपेननं चित्रं काढायला ज्यांना आपणहून आवडत होतं तीच घेतली. मग प्रत्येकाला वेगळं बसवून सहा मिनिटं चित्र काढायला दिलं. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी स्टार आणि रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र दिलं, पण काम झाल्यावर, न सांगता. तिसऱ्याला काहीच नाही.

मोजमाप त्या सहा मिनिटांत केलेलं नाही, इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तीच स्केचपेनं ठेवली. आता बक्षीस नाही, कोणी सांगत नाही, बाकीची खेळणीही शेजारी आहेत. मूल आपणहून त्या टेबलाकडे किती वेळ जातं ते एका बाजूनं आरपार दिसणाऱ्या आरशामागून मोजलं. काहीच न मिळालेल्यांनी सुमारे 16.7 टक्के वेळ चित्रांत घालवला, अचानक मिळालेल्यांनी 18.1 टक्के, आणि आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेल्यांनी 8.6 टक्के, म्हणजे जवळपास निम्मा. वस्तू तीच, प्रशस्तिपत्र तेच. फरक फक्त मुलाला ते आधी माहीत होतं की नाही एवढाच. ज्याला माहीत होतं त्याच्या मनात ‘मी हे कशासाठी काढतोय’ या प्रश्नाचं उत्तर बदललं. आवडतं म्हणून, हे कारण मागे पडलं आणि स्टारसाठी, हे पुढे आलं. स्टार गेला तेव्हा कारणही गेलं. अतिसमर्थन परिणाम म्हणतात तो हा.

यातून तुझ्या उदाहरणासाठी तीन अटी निघतात. कामात आधीपासून गोडी हवी, बक्षीस आधी कबूल केलेलं हवं, आणि, पुढे कौतुकात दिसेल तसं, ते हातात धरता येईल असं हवं. एकही अट सुटली तर परिणाम दिसेलच असं नाही. म्हणून पाढ्यांना स्टार दिल्यानं मुलांची पाढ्यांची गोडी मेली असं लिहू नकोस. सतराचा पाढा आवडतो म्हणून म्हणणारी मुलं वर्गात किती असतात? जिथे मुळात गोडी नव्हती तिथे कमी व्हायला काही उरत नाही, उलट सुरुवातीला बक्षिसाचा उपयोगच होतो. गोष्टीची पुस्तकं आपणहून उघडणाऱ्या मुलाला ‘दर पुस्तकामागे एक स्टार’ लावला, हे उदाहरण बसतं. मग पुढचं वाक्य असं लिही: शाळेनं योजना बंद केल्यावर, मोकळ्या तासाला तो पुस्तकांच्या कपाटाकडे जातो का हे बघावं लागेल. योजना चालू असताना त्यानं वीस पुस्तकं संपवली यावरून आंतरिक प्रेरणेबद्दल काहीच कळत नाही. फार तर एवढं कळतं की तो पातळ पुस्तकं निवडायला शिकला.

कौतुकाचं वेगळं लिहावं लागेल, स्टारच्या परिच्छेदात कोंबू नकोस. डेसीनं 1971 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं दिलं होतं. कोड्यामागे डॉलर दिला की नंतर मोकळ्या वेळात कोड्याशी खेळणं कमी झालं, पण तोंडी शाबासकी दिली तेव्हा असं घटलं नाही. स्पष्टीकरण असं की कोणतंही बक्षीस दोन गोष्टी सांगतं: ‘तुला हे जमतंय’ ही माहिती, आणि ‘माझ्या म्हणण्यानुसार वाग’ हा लगाम. पैशात लगाम जास्त जाणवतो, शब्दांत माहिती जास्त असू शकते.

‘असू शकते’ हे शब्द सोडू नकोस. बाई म्हणाल्या, ‘हातच्याचं गणित या वेळी न चुकता सोडवलंस’, तर ती माहिती झाली. त्याच बाई म्हणाल्या, ‘शाब्बास, मी सांगितलं तसंच केलंस, असंच करत जा’, तर शब्द गोड आहेत पण हातात लगाम आहे. दुसऱ्या प्रकारच्या कौतुकाचा परिणाम बक्षिसासारखाच होऊ शकतो. शिवाय डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 1999 मध्ये 128 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा मोकळ्या वेळातल्या वागण्यावर तोंडी कौतुकाचा फायदा कॉलेजच्या विद्यार्थ्यांत दिसला, लहान मुलांत तसा ठळक दिसला नाही. म्हणून सोमाचा निष्कर्ष उचलून तिसरीच्या वर्गावर चिकटवू नये. याउलट कॅमेरॉन आणि पियर्स यांचं 1994 पासूनचं म्हणणं आहे की बक्षिसाचं नुकसान फारच मर्यादित परिस्थितीत होतं. माझं मत विचारशील तर मी 1999 च्या बाजूची आहे, पण पेपरात दोन्ही लिही, एक-एक वाक्यात. वाद आहे हे तुला माहीत आहे एवढं दिसलं तरी पुरे.

ड्वेकचं ‘हुशार आहेस म्हणू नका, मेहनत केलीस म्हणा’ हे घालायचा मोह होईल, सगळेच घालतात. म्युलर आणि ड्वेक यांचा 1998 चा अभ्यास पाचवीच्या मुलांवरचा आहे. ज्यांच्या बुद्धीचं कौतुक झालं त्यांची अवघड कोड्यांत हार झाल्यावर पुढची कामगिरी घसरली, मेहनतीचं झालं त्यांची सुधारली. पण तो मुख्यतः अपयशाकडे मूल कसं बघतं याबद्दल आहे. कौतुक माहिती देतं की लगाम लावतं, हा प्रश्न निराळा. घालायचंच असेल तर हा फरक सांगून घाल, नाहीतर दोन सिद्धांतांची खिचडी होते.

शब्दांबद्दल एक. कुठे ‘प्रेरणा’ छापतात, कुठे ‘अभिप्रेरणा’. तुमच्या अभ्यासक्रमात जो शब्द आहे तोच शेवटपर्यंत वापर. आणि ‘बाह्य प्रेरणा’ व ‘बाह्य प्रबलन’ एकमेकांच्या जागी लिहू नकोस. स्टार हे प्रबलन, म्हणजे वागणं वाढवणारी गोष्ट; स्टारसाठी वाचावंसं वाटणं ही प्रेरणा. स्टार मिळूनही मूल त्यासाठी वाचत नसेल, तर ते नुसतंच दिलेलं बक्षीस.

मी तुमच्या विद्यापीठाची परीक्षक नाही, मॅडमना आणखी काही खटकलं असेल तर ते त्यांनाच विचारावं लागेल. विचारताना पूर्ण पेपर नेऊ नकोस. व्याख्येचा परिच्छेद आणि ती तिसरी मुलगी, एवढं अर्ध्या पानावर लिहून ने आणि ‘ही बाह्य प्रेरणा आहे, बरोबर ना?’ एवढंच विचार. अर्धं पान उभ्या उभ्याही वाचून होतं.