‘दुय्यम तरंगिका’ दुय्यम कशा?

प्रश्न : “हायगेन्सच्या तत्त्वात ‘दुय्यम तरंगिका’ म्हणतात, पण परावर्तनाची आणि अपवर्तनाची सगळी सिद्धता तर त्यांच्यावरच उभी असते. मग त्या दुय्यम कशा? आणि ‘तरंगिका’ म्हणजे कमी तरंगलांबीचा तरंग का?”

उत्तर : ‘दुय्यम’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ नुसता ‘दुसरा’ असा आहे. ‘दुय्यम दर्जा’सारख्या प्रयोगांमुळे त्याला कमीपणाची छटा चिकटली आणि आता तीच आधी मनात येते. या सिद्धतेत मात्र शब्द उत्पत्तीचा क्रम सांगतो. मूळ तरंग उगमापासून निघतो. तो ज्या बिंदूपर्यंत पोचतो तो प्रत्येक बिंदू स्वतः नवा उगम होतो, आणि त्या बिंदूपासून निघालेला तरंग हा दुसऱ्या पिढीचा, म्हणून दुय्यम. याच कारणाने ‘गौण तरंगिका’ हा पर्याय मला पटत नाही, कारण ‘गौण’ शब्दात क्रमाचा अर्थच नाही. ‘द्वितीयक’ चालेल.

‘-इका’ हा प्रत्यय ‘नाटिका’, ‘पुस्तिका’ या शब्दांप्रमाणे लहानपणा दाखवतो, पण तो तरंगलांबीचा लहानपणा नव्हे. एकाच माध्यमात तरंगिकेची तरंगलांबी मूळ तरंगाइतकीच असते. हायगेन्सने १६९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरील ग्रंथात असे मांडले की यांतला प्रत्येक सुटा तरंग अत्यंत क्षीण असतो आणि त्या सर्वांना मिळून स्पर्श करणाऱ्या पृष्ठावरच त्यांचा परिणाम जाणवतो. लहानपणा आहे तो या अर्थाने. (गणितात संदेशाच्या पृथक्करणासाठी वापरतात त्या तरंगिका वेगळ्या; नावापलीकडे त्यांचा येथे संबंध नाही.)

शब्दाचा हा अर्थ सिद्धतेत नेमका कोठे कामाला येतो, ते आकृती काढताना दिसते. XY हे हवा आणि काच यांना अलग करणारे सपाट पृष्ठ आणि AB हे त्यावर तिरके येणारे प्रतल तरंगाग्र समजा. A हे टोक पृष्ठाला टेकले आहे, B अजून हवेत आहे आणि B मधून जाणारा किरण पृष्ठाला C पाशी भेटणार आहे. किरण तरंगाग्राला लंब असल्याने त्रिकोण ABC मध्ये B पाशी काटकोन आहे. किरणाने स्तंभिकेशी केलेला आपतन कोन i हा तरंगाग्राने पृष्ठाशी केलेल्या कोनाएवढा, म्हणजे ∠BAC एवढा असतो, कारण एका जोडीतील दोन्ही रेषा दुसऱ्या जोडीतील रेषांना अनुक्रमे लंब आहेत. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहायचे राहते आणि पुढचा i एकदम आकाशातून पडल्यासारखा दिसतो.

प्रकाशाचा हवेतील वेग v₁ आणि B ला C पर्यंत यायला लागणारा वेळ t असेल, तर BC = v₁t. तेवढ्याच वेळात A पासून निघालेली तरंगिका हवेत v₁t त्रिज्येची होते. C पासून तिला स्पर्शिका CD काढली की CD हे परावर्तित तरंगाग्र होय. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, म्हणून ∠ADC = ९०°; शिवाय AD = BC आणि AC हा सामाईक कर्ण, म्हणून ABC आणि CDA हे काटकोन त्रिकोण एकरूप आहेत. यावरून ∠BAC = ∠DCA, म्हणजे i = r.

अपवर्तनात बदल एवढाच की A ची तरंगिका काचेत v₂ वेगाने पसरते, म्हणून AD = v₂t, आणि आता r हा अपवर्तन कोन आहे :

sin i = BC/AC = v₁t/AC
sin r = AD/AC = v₂t/AC
sin i / sin r = v₁/v₂ = n₂/n₁

येथे बहुतेक उत्तरे थांबतात, आणि ‘दुय्यम’ या शब्दाचा खरा अर्थ नेमका येथेच गळतो. एकट्या A च्या तरंगिकेला C मधून स्पर्शिका काढता आली म्हणून ती तरंगाग्र ठरत नाही. A आणि C यांच्यामधल्या प्रत्येक बिंदूच्या तरंगिकेनेही तिलाच स्पर्श केला पाहिजे. मधले बिंदू एकाच वेळी उगम होत नाहीत, मूळ तरंग ज्याच्यापर्यंत जेव्हा पोचेल तेव्हाच तो बिंदू कामाला लागतो. त्यामुळे त्यांच्या तरंगिका सारख्या त्रिज्येच्या नसतात. सरळ पुढे जाणाऱ्या तरंगाग्राच्या आकृतीची सवय झालेले विद्यार्थी पृष्ठावरही एकाच मापाची अर्धवर्तुळे काढतात, आणि मग सामाईक स्पर्शिका पृष्ठाला समांतर येते. आकृती चुकल्याची ही ओळखण्यासारखी खूण आहे.

कागदावर मापे घेऊन पाहू. हवेतील वेग ३ × १०⁸ मी/से आणि काचेतील २ × १०⁸ मी/से धरा, म्हणजे काचेचा अपवर्तनांक १.५ झाला. i = ३०° आणि AC = ६ सेमी घेतल्यास BC = ३ सेमी येते आणि t = १०⁻¹⁰ सेकंद. तेवढ्या वेळात A ची काचेतील तरंगिका २ सेमी त्रिज्येची होते; sin r = २/६, म्हणून r सुमारे १९.५°. आता AC चा मध्यबिंदू P घ्या. तरंग तेथे अर्ध्या वेळाने पोचतो, तेव्हा P च्या तरंगिकेला उरलेला अर्धा वेळच मिळतो आणि तिची त्रिज्या १ सेमी होते. P पासून CD पर्यंतचे लंब अंतर PC × sin r = ३ × २/६ = १ सेमी, म्हणजे तिनेही CD ला स्पर्श केला. C पाशी त्रिज्या शून्य. एवढे दाखवल्यावरच CD ला तरंगाग्र म्हणण्याचा अधिकार मिळतो, आणि माझ्या मते पूर्ण उत्तरात मधली एक तरंगिका काढून हे एका वाक्यात सांगितलेच पाहिजे.

हीच रचना उलट दिशेने, काचेतून हवेत, वापरून पाहावी. AC ६ सेमी आणि i = ४५° असेल तर काचेतील BC सुमारे ४.२४ सेमी, आणि हवेतील तरंगिकेची त्रिज्या तिच्या दीडपट, सुमारे ६.३६ सेमी. ही त्रिज्या AC हून मोठी आहे, म्हणजे C बिंदू A च्या तरंगिकेच्या आतच सापडला, आणि वर्तुळाच्या आतील बिंदूतून त्या वर्तुळाला स्पर्शिका काढता येत नाही. सामाईक स्पर्शिकाच नसल्याने अपवर्तित तरंगाग्र तयार होत नाही. यालाच आपण पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतो. या काचेसाठी sin i ची मर्यादा २/३, म्हणजे क्रांतिक कोन सुमारे ४१.८° आहे, आणि त्या कोनाला A ची तरंगिका बरोबर C ला टेकते.