जिनिंगमधी सुपरवायझर आन् काटेवालीचं जमलं, मॅनेजर म्हणते लिहून द्या नाहीतर पोरीनं राजीनामा द्यावा. असं चालते का?

लिहून मागू शकतात, कारण तिची हजेरी आणि ओव्हरटाइम तोच सुपरवायझर मंजूर करतो. पण दोन सज्ञान माणसांनी प्रेम करू नये असा नियम मालकाला करता येत नाही. लग्न झालं की बाईनं नोकरी सोडावी, ही मुंबईतल्या एका औषध कंपनीची अट सुप्रीम कोर्टानं 1965 सालीच रद्द केली आहे.

अर्ज दोनच ओळींचा द्या: "आमचे संबंध परस्पर संमतीचे आहेत. हजेरी व ओव्हरटाइमची मंजुरी दुसऱ्याकडे द्यावी." कधी भेटलो, घरचे काय म्हणतात, यातलं काही लिहू नका. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच.

मॅनेजरनं मंजुरी बदलावी, तेवढ्यानं काम भागतं. दरवेळी पोरीलाच हलवतात, हे मला अजिबात पटत नाही. अधिकार सुपरवायझरकडे आहे, तर आधी त्याचं काम बदला. राजीनाम्यावर मात्र तिनं सही करू नये. एकदा केली, की तो दबावाखाली घेतला हे तिलाच सिद्ध करावं लागतं.

उद्या तिनं या संबंधाला नाही म्हटलं आणि सुपरवायझरचा त्रास सुरू झाला, तर हा अर्ज तिच्या आड येत नाही. तीन महिन्यांच्या आत लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करावी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.