रौप्यमहोत्सवाची भेट ताईच्या क्रेडिट कार्डावर?

प्रश्न: चार महिन्यांनी आई-बाबांच्या लग्नाला २५ वर्षं होतील. लक्ष्मी रोडवर चांदीची ताटं-वाट्या बघितल्या, ६० हजार. ताई (हिंजवडीत नोकरी, पगार ३८ हजार) म्हणते, कार्डावर घेऊ, ईएमआय करू, तिघांनी २०-२० द्यायचे. माझा स्टायपेंड १८ हजार, धाकटा इंजिनिअरिंगला. भावंडांच्या ग्रुपवर सगळ्यांनी 'चालेल' म्हटलंय. घ्यावं का?

उत्तर: या पद्धतीने नको. सराफाकडच्या खरेदीचा ईएमआय बहुतेक बँका करून देत नाहीत. म्हणजे पुढच्या बिलात ताईला ६० हजार एकदम भरावे लागतील. तिने स्वतःचे २० भरले आणि तुम्हा दोघांचे ४० राहिले, तर महिना साडेतीन टक्क्यांनी (बऱ्याच कार्डांचा दर असाच असतो) १,४०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२. बिल पूर्ण भरलं नाही की व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. रिक्षाचं भाडं कार्डावर दिलंत, तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

दुसरं, ते 'चालेल'. धाकट्याने २० हजार कुठून आणायचे हे ग्रुपवर कुणी विचारलं का? विचारलं नसेल, तर तो होकार नाही, संकोच आहे. अशा वेळी धाकटा मित्राकडून उसने घेतो किंवा बाबांकडेच काहीतरी कारण सांगून मागतो, म्हणजे भेटीचे पैसे बाबांचेच! समान वाटणी दिसायला न्यायाची, पण तुमच्यासाठी ती महिन्याच्या स्टायपेंडहून जास्त आहे.

उलट्या बाजूने या. प्रत्येकाने झेपेल तो आकडा ताईला वेगळा कळवायचा, ग्रुपवर तिने फक्त बेरीज टाकायची. समजा ताई महिना ६,०००, तुम्ही २,५००, धाकटा ५००. चार महिन्यांत ३६ हजार. पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला ताईच्या वेगळ्या बचत खात्यात, पगाराच्या खात्यात नाही, तिथे ते भाड्यात विरघळतात. भावंडांनी एकमेकांना दिलेल्या किंवा मुलांनी आई-बाबांना दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला प्राप्तिकर नाही, ती चिंता सोडा.

३६ हजारांत पूर्ण सेट येणार नाही. दोन ताटं किंवा पेल्यांची जोडी बघा. मजुरी आणि ३ टक्के जीएसटी मोडताना परत मिळत नाही, म्हणून नक्षीपेक्षा वजनाला पैसे द्या. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, तो मागून घ्या. बिलावर वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि बिल आईच्या नावाने करा. मोडायची वेळ आली तर तिला तुमच्यापैकी कुणाला शोधत बसावं लागू नये.