'कमीत कमी'मधला 'कमी' फसवतो

मुलगी नववीत आहे. 'पास व्हायला कमीत कमी ३५ गुण हवेत' हे तिने x ≤ ३५ असं लिहिलं. आकडेमोडीत ती चांगली आहे, मग चिन्हच उलटं का जातं?
(एक आई, सातारा)

चूक गणितातली नाही, कानातली आहे. 'कमीत कमी' हे ऐकलं की मनात 'कमी' हा शब्द राहतो आणि हात 'पेक्षा लहान'चं चिन्ह काढून मोकळा होतो. 'जास्तीत जास्त'चंही तसंच, तिथे 'जास्त' ऐकून 'पेक्षा मोठा'चं चिन्ह पडतं. दोन्ही ठिकाणी शब्द एका दिशेला बोट दाखवतो आणि अर्थ दुसऱ्या दिशेला असतो. 'कमीत कमी ३५' याचा अर्थ, चालतील अशा गुणांपैकी सगळ्यात कमी ३५. म्हणजे ३५ हा तळ झाला. त्याच्या खाली जायचं नाही, वर कितीही जा. 'जास्तीत जास्त' म्हणजे छत: वर जायचं नाही, खाली कुठेही राहा.

म्हणूनच शब्द आणि चिन्ह यांचा तक्ता पाठ करून घ्यायला माझा विरोध आहे. तक्ता पाठ असलेली मुलंच 'किमान', 'निदान', '३५ तरी हवेत' अशी वाक्यं आली की थबकतात, कारण ती तक्त्यात नसतात. त्याऐवजी मुलीला वाक्याखाली तीन आकडे लिहायला सांगा: दिलेला आकडा, त्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक. इथे ३४, ३५, ३६. मग प्रत्येकाला विचारायचं, हा चालेल का? ३४ ला फुली, ३५ ला बरोबर, ३६ ला बरोबर. मोठा आकडा चालतो म्हणून चिन्ह 'पेक्षा मोठा'चं, आणि खुद्द ३५ चालतो म्हणून खाली आडवी रेघ: x ≥ ३५. चिन्हाची दिशा आणि रेघ हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते एकेक करून घ्यायचे. दोन्ही एका झटक्यात घ्यायला गेलं की गडबड होते.

'५० पेक्षा जास्त नाही' म्हणजे '५० पेक्षा कमी'च ना? मी x < ५० लिहिलं तर सरांनी अर्धा गुण कापला.
(नववीचा विद्यार्थी, लातूर)

सरांचं बरोबर आहे, आणि तो अर्धा गुण खुद्द ५० चा आहे. कुठलीही संख्या ५० च्या शेजारी ठेवलीस तर तीनच गोष्टी शक्य असतात: ती ५० पेक्षा लहान आहे, ५० इतकीच आहे किंवा ५० पेक्षा मोठी आहे. 'जास्त नाही' म्हटल्यावर यातली फक्त तिसरी शक्यता गेली. उरल्या दोन, आणि त्या दोन्ही मिळून x ≤ ५०. तसंच '५० पेक्षा कमी नाही' म्हणजे x ≥ ५०. तुलनेला 'नाही', 'नसावे', 'ओलांडू नये' असा नकार जोडला असेल तर आधी नकार सोडून चिन्ह लिही, मग ते फिरव आणि खाली रेघ दे. '५० ओलांडू नये' यातलं ओलांडणं म्हणजे x > ५०, आणि ते नको म्हणून x ≤ ५०.

ही रेघ चिन्हांच्या जन्मापासून नव्हती. < आणि > ही चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितीच्या १६३१ साली छापलेल्या ग्रंथात आली. 'किंवा बरोबर' दाखवणारी रेघ त्यांना जोडली ती फ्रान्सच्या पिएर बूगेरने, १७३४ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं तिच्याविना काम चाललं. पण 'जास्त नाही' एका चिन्हात मांडायचं तर तीच लागते.

एक बारकावा लक्षात ठेव. x म्हणजे खुर्च्या असतील, तर x < ५१ लिहिलंस तरी ते x ≤ ५० इतकंच होतं, कारण साडेपन्नास खुर्च्या नसतात. x म्हणजे लिटरमधलं दूध असेल, तर मात्र ५०.५ मध्ये घुसतं आणि दोन्ही वाक्यं वेगळी होतात.

माझ्या वर्गात '५ ने जास्त' आणि '५ पेक्षा जास्त' यांत हमखास गोंधळ होतो. दोन्हीला मुलं > लावतात.
(शिक्षिका, माध्यमिक शाळा, नाशिक जिल्हा)

इथे विभक्तीकडेच बोट दाखवा. 'ने' अंतर मोजून सांगतो, 'पेक्षा' फक्त कोण पुढे ते सांगतो. 'ताईचं वय भावाच्या वयापेक्षा ५ ने जास्त आहे' यात 'पेक्षा'ही आहे आणि 'जास्त'ही आहे, तरी हे समीकरण आहे: t = b + ५. अंतर नेमकं मोजून दिल्यावर असमानतेला जागाच उरत नाही. 'ताई भावापेक्षा मोठी' म्हणजे t > b. आणि 'ताई भावापेक्षा किमान ५ वर्षांनी मोठी' यात अंतराचा फक्त तळ सांगितलाय, म्हणून t ≥ b + ५. ही तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मुलांना ताईचं व भावाचं वय स्वतःच ठरवू द्या. ताई १७ आणि भाऊ १० ही जोडी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात बसते, पहिल्यात बसत नाही. असं दोन-तीन जोड्यांनी झालं की समजावून सांगायला फारसं काही उरत नाही.

दुसरी अडचण मराठीच्या शब्दक्रमाची आहे. आपण 'पन्नासपेक्षा x मोठा आहे' असं सहज म्हणतो. मुलं डावीकडून उजवीकडे वाक्य उतरवत जातात: आधी ५०, मग 'मोठा'चं चिन्ह, मग x. झालं ५० > x, म्हणजे नेमकं उलट. मी मुलांना 'पेक्षा' ज्याला चिकटलाय त्याच्याभोवती गोल करायला लावते. गोलातली वस्तू ही मोजपट्टी, ती चिन्हाच्या उजवीकडे बसवायची. जिच्याबद्दल बोलतोय ती डावीकडे: x > ५०. 'मुलींची संख्या मुलांच्या दुपटीपेक्षा कमी नाही' यात गोल 'मुलांच्या दुपटी'ला. मग g ≥ २m सरळ येतं, आणि २ मुलींना लावायचा की मुलांना हा नेहमीचा घोळही टळतो.

साइटवरच्या लिफ्टच्या पाटीवर '८ व्यक्ती, ५४४ किलो' असं आहे. दोन कामगार मिळून १३० किलो, सिमेंटची गोणी ५० किलोची. एका खेपेत किती गोण्या नेता येतील? मुलाला हेच गणित घातलं तर उत्तर x ≤ ८.२८ आलं. आता पुढे काय लिहायचं?
(सुपरवायझर, पिंपरी)

मांडणी अगदी बरोबर केलीय त्याने. पाटी हे छत आहे, म्हणून माणसं आणि गोण्या मिळून ५४४ च्या वर जायला नको:

१३० + ५०x ≤ ५४४
५०x ≤ ४१४
x ≤ ८.२८

पण असमानतेला गोणी अर्धी करता येत नाही हे माहीत नसतं, ते आपण सांगावं लागतं. x पूर्ण संख्या आहे असं सुरुवातीलाच लिहिलं की उत्तर ८. पडताळा घ्या: ८ गोण्यांना १३० + ४०० = ५३० किलो, चालतं. ९ गोण्यांना ५८०, चालत नाही.

८.२८ चे ८ होतात ते दशांश लहान आहे म्हणून नव्हे. समजा, कामगार हडकुळे आहेत आणि दोघे मिळून १०० किलोच भरतात. मग ५०x ≤ ४४४, म्हणजे x ≤ ८.८८. आसन्न किंमत काढायच्या सवयीने मुलगा ९ लिहील. करून पाहा: १०० + ४५० = ५५०, पाटीपेक्षा ६ किलो जास्त. छताच्या गणितात दशांश कितीही मोठा असो, खालीच यायचं.

आता त्याला पुढचा प्रश्न घाला: पहिल्याच दोन कामगारांना वरच्या मजल्यावर ५० गोण्या न्यायच्या आहेत, कमीत कमी किती खेपा? इथे अट पालटते. खेपा n असतील तर वर पोचणाऱ्या गोण्या जास्तीत जास्त ८n, आणि त्या निदान ५० व्हायला हव्यात:

८n ≥ ५०
n ≥ ६.२५

सहा खेपांत ४८ गोण्या जातात, दोन खालीच राहतात. म्हणून खेपा ७. इथे पाव खेपेसाठीसुद्धा वर जावं लागलं. एकाच गोष्टीत एकदा खाली आणि एकदा वर गेलो, आणि दोन्ही वेळा कारण चिन्हात होतं: ≤ असेल तर अटीत बसणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या, ≥ असेल तर सर्वांत लहान.

पाटीवर खरं तर दोन अटी आहेत. ५४४ भागिले ८ केलं की ६८ येतात, म्हणजे माणशी ६८ किलो धरून ती लिहिलेली असते. पण सरासरी ७५ किलोची आठ माणसं शिरली तर ६०० किलो होतात. माणसांची अट पाळली गेली, वजनाची मोडली. शाब्दिक गणितात 'आणि' आला की दोन असमानता लिहायच्या, आणि दोन्हींत बसेल तेच उत्तर.

'पर्यंत', 'च्या आत', 'च्या वर' यांत रेघ द्यायची की नाही?
(स्पर्धा परीक्षेची उमेदवार, अमरावती)

'५०० रुपयांपर्यंत' यात ५०० धरतात: x ≤ ५००. '१८ वर्षे पूर्ण' यातही १८ आला: x ≥ १८. '५०० च्या वर' म्हणजे x > ५००. 'च्या आत'ला मात्र बोलताना पक्का अर्थ नाही. 'दहा मिनिटांच्या आत ये' असं सांगितलेला माणूस बरोबर दहाव्या मिनिटाला आला तर आपण त्याला उशीर झाला म्हणत नाही. परीक्षेत मी x < १० धरीन आणि तसं धरल्याचं उत्तरात लिहीन. प्रश्न काढणाऱ्यांनी हा शब्द टाळावा असं मला मनापासून वाटतं.

'५०० रुपये घेऊन निघालो, परतीसाठी किमान १५० राखायचे, ४० रुपयांच्या किती प्लेट भजी घेता येतील?' ५०० − ४०x ≥ १५० इथवर जमतं. पुढे माझं x ≥ ८.७५ येतं.
(आठवीची विद्यार्थिनी, चिपळूण)

तुझं उत्तर सांगतं की निदान ९ प्लेट घे. घेऊन पाहा: ३६० रुपये गेले, उरले १४०. परतीचं भाडं बुडालं. −४०x ≥ −३५० या पायरीवर तू −४० ने भागलंस, पण चिन्ह तसंच ठेवलंस. ऋण संख्येने भागलं की क्रम पालटतो: ३ हा २ पेक्षा मोठा, पण −३ हा −२ पेक्षा लहान.

मी असल्या गणितात ऋण संख्येच्या वाटेलाच जात नाही. ४०x उजवीकडे नेते, १५० डावीकडे आणते: ३५० ≥ ४०x. मग ८.७५ ≥ x, म्हणजे x जास्तीत जास्त ८.७५, आणि प्लेट ८. खर्च ३२०, हातात १८०.